अधिक की वजा? शाब्दिक उदाहरणात क्रिया ठरवण्याआधीचे काम

चौथी-पाचवीच्या वर्गात शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून पुरते होत नाही तोच प्रश्न येतो, ‘बाई, यात अधिक करायचे की वजा?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकी बहुधा चांगली येत असते. हातचा घेताना ते चुकत नाही, पाढेही पाठ असतात. त्याने उदाहरण वाचलेलेही असते, पण वाचताना त्यातले आकडे तेवढे वेचलेले असतात आणि त्या आकड्यांचे पुढे काय करायचे एवढेच त्याला कोणाकडून तरी ऐकायचे असते. बाईंनी ते सांगितले नाही, की ते मूल स्वतःच्या ठोकताळ्यांकडे वळते. दोन्ही संख्या मोठ्या असतील तर बेरीज, एक मोठी आणि एक लहान असेल तर भागून पाहायचे, बाकी उरली तर भागाकार सोडून गुणाकार करायचा, ‘एकूण’ दिसले की मिळवायचे आणि ‘उरले’ दिसले की वजा करायचे.

हे ठोकताळे मूर्खपणाचे नाहीत. ते मुलाने अनुभवातून शिकलेले असतात आणि शाळेतल्या बहुतेक उदाहरणांत ते चालतात, कारण वजाबाकीच्या धड्याखालची सगळी उदाहरणे वजाबाकीचीच असतात. धड्याचे नाव वाचले की क्रिया कळते आणि मग गोष्ट वाचण्याची गरजच उरत नाही. ही सवय किती खोल जाते हे फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित-अध्यापन संशोधकांनी १९८०च्या सुमारास एका विचित्र उदाहरणाने दाखवले. ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ असा प्रश्न त्यांनी प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना दिला. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे काही ना काही प्रकारे वापरून वय काढून दाखवले. मेंढ्यांवरून माणसाचे वय निघत नाही हे त्या मुलांना ठाऊक नव्हते असे नाही. गणिताच्या तासाला ‘दिलेल्या माहितीवरून हे उत्तर निघते का?’ असा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

या लेखात शाब्दिक उदाहरणांच्या एकाच प्रकाराकडे, म्हणजे तुलनेच्या उदाहरणांकडे, मुख्यत्वे पाहायचे आहे. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’ असे शब्द असलेल्या या उदाहरणांत अंदाजाने क्रिया निवडणारी मुले सर्वांत जास्त फसतात आणि म्हणूनच पायऱ्या शिकवण्यासाठी ती सर्वांत उपयोगीही पडतात.

उदाहरण असे आहे. मंडईत मटारचा भाव किलोला ८० रुपये आहे. हा भाव कोथरूडमधील एका हातगाडीवरच्या भावापेक्षा १५ रुपयांनी कमी आहे. सईच्या आईने त्या हातगाडीवरून ३ किलो मटार घेतले, तर तिला किती रुपये द्यावे लागतील?

पाचवीच्या वर्गात हे उदाहरण दिले, तर सगळ्यांत हमखास येणारे चुकीचे उत्तर १९५ रुपये असते. मुलाने ८० वाचले, १५ वाचले, ‘कमी’ हा शब्द पाहिला आणि ८० वजा १५ म्हणजे ६५ केले, मग ६५ गुणिले ३ केले. सगळी आकडेमोड अचूक आहे, मांडणी नीटनेटकी आहे आणि उत्तर चूक आहे. वहीत लाल फुली मारून ‘नीट वाच’ असे लिहिल्याने या मुलाला काहीच कळत नाही, कारण त्याच्या मते त्याने नीट वाचलेलेच असते. ‘कमी’ म्हणजे वजाबाकी, हे तर वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यातच लिहिलेले असते.

अनेक वर्गांत असा खुणेच्या शब्दांचा तक्ता लावलेला असतो. एकूण, मिळून, सर्व म्हणजे बेरीज. उरले, शिल्लक, कमी, फरक म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी, पट म्हणजे गुणाकार. समान वाटले म्हणजे भागाकार. तो लावण्यामागचा हेतू चांगला असतो, पण माझ्या मते तो भिंतीवरून काढावा. ‘प्रत्येकी’ हाच शब्द घ्या. ‘४ मुलांना प्रत्येकी ६ लाडू दिले, तर किती लाडू लागले?’ यात गुणाकार आहे. ‘२४ लाडू ४ मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ यात भागाकार आहे. ‘२४ लाडू आहेत आणि प्रत्येकी ४ द्यायचे आहेत, तर किती मुलांना पुरतील?’ यातही भागाकारच आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे, कारण पहिल्या भागाकारात एकाचा वाटा शोधायचा होता आणि इथे वाट्यांची संख्या शोधायची आहे. शब्द तिन्ही ठिकाणी तोच असूनही तीन निराळ्या गोष्टी घडत आहेत. क्रिया कोणत्याही एका शब्दात नसते, गोष्टीतल्या राशींचे एकमेकांशी जे नाते असते त्यावरून ती ठरते. ते नाते मुलाच्या डोळ्यांसमोर उभे करण्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

आकड्यांवाचून गोष्ट

पहिली पायरी अशी, की उदाहरण फळ्यावर आकडे आणि शेवटचा प्रश्न गाळून लिहावे. ‘मंडईत मटारचा एक भाव आहे. हा भाव हातगाडीवरच्या भावापेक्षा काही रुपयांनी कमी आहे. सईच्या आईने हातगाडीवरून काही किलो मटार घेतले.’ एवढेच. आता मुलांच्या हातात मिळवायला किंवा वजा करायला काहीच नसते, त्यामुळे त्यांना गोष्टीकडे पाहावेच लागते. मग प्रश्न विचारावेत. यात किती ठिकाणचे भाव आहेत? ‘हा भाव’ म्हणजे कुठला भाव? मटार स्वस्त कुठे आहेत? आईने ते कुठून घेतले? शेवटी, या गोष्टीवर गणिताचा कोणता प्रश्न विचारता येईल, हेही मुलांनाच सुचवू द्यावे.

यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘हा भाव म्हणजे कुठला भाव’ हा आहे. ‘हा’, ‘तो’, ‘त्यापेक्षा’ या लहान शब्दांवरून मुले सहज पुढे सरकतात आणि १९५ हे उत्तर नेमके तिथेच जन्माला येते. मुलाच्या मनात वाक्य उलटून ‘हातगाडीवरचा भाव १५ रुपयांनी कमी’ असे झालेले असते. ‘पेक्षा’ ज्याला चिकटलेले आहे त्याच्याशी तुलना चालली आहे आणि ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हे दुसऱ्याविषयी सांगितलेले आहे, हे मराठी वाक्यात स्पष्ट असते, पण त्यावर बोट ठेवून दाखवावे लागते. तुलनेचे प्रत्येक वाक्य मुलांकडून उलट बाजूने म्हणून घ्यावे, हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. ‘मंडईतला भाव हातगाडीपेक्षा कमी आहे, म्हणजे हातगाडीवरचा भाव मंडईपेक्षा जास्त आहे.’ ज्या मुलाला हे उलटे वाक्य न अडखळता म्हणता येते, त्याचे उदाहरण अर्धे सुटलेले असते.

इथे एक सावधगिरी हवी. मंडईत भाजी स्वस्त मिळते हे पुण्यातल्या मुलांना घरातूनच माहीत असते, त्यामुळे काही मुले वाक्य न वाचताही ‘स्वस्त कुठे’ याचे बरोबर उत्तर देतात. ते वाचून बोलत आहेत की माहितीवरून, हे ओळखायचे असेल तर अधूनमधून व्यवहाराच्या उलट गोष्ट द्यावी, म्हणजे मंडईतला भाव त्या दिवशी जास्त होता असे लिहावे. मग कोणी वाक्य वाचले आणि कोणी गृहीत धरले, हे लगेच दिसते.

‘पेक्षा किती जास्त’ हा प्रकार लहान मुलांना मुळातच जड जातो, याचा एक सुंदर पुरावा मानसशास्त्रात आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या हडसन यांच्या अभ्यासात मुलांना काही पक्षी आणि त्यांच्याहून थोडे कमी किडे असलेले चित्र दाखवले होते. ‘किड्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत?’ या प्रश्नाला पहिलीतल्या साधारण ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. त्याच मुलांना ‘प्रत्येक पक्षी एकेक किडा पकडायला गेला, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?’ असे विचारले, तेव्हा सगळ्यांचे उत्तर बरोबर आले. संख्या त्याच होत्या आणि चित्रही तसेच होते. जोड्या लावल्यावर जे उरते तोच फरक, हे त्या मुलांना पूर्ण समजत होते, पण ‘पेक्षा किती जास्त’ या बोलण्याशी त्यांनी ते जोडलेले नव्हते. त्यामुळे तुलनेची उदाहरणे सुरू करताना पहिले काही दिवस ‘कोणाला मिळणार नाही’ किंवा ‘आणखी किती आणले म्हणजे दोन्ही सारखे होतील’ अशीच भाषा वापरणे चांगले. ‘पेक्षा’ त्यानंतर आणावे.

उत्तराचे वाक्य आधी, पट्ट्या नंतर

आता आकडे आणि प्रश्न परत घालावेत, पण आकडेमोड अजून नको. आधी उत्तराचे वाक्य जागा मोकळी सोडून लिहून घ्यावे: ‘हातगाडीवरून ३ किलो मटार घेण्यासाठी आईला ____ रुपये द्यावे लागतील.’ शाळेत हे वाक्य नेहमी शेवटी लिहितात, ‘उत्तर :’ असे लिहून, आणि पुष्कळदा ते लिहिण्याचाही कंटाळा केला जातो. ते आधी लिहिण्याचे दोन फायदे आहेत. एकतर आपण काय शोधतो आहोत आणि ते रुपयांत आहे की किलोत, हे सुरुवातीलाच पक्के होते. दुसरे म्हणजे दोन पायऱ्यांच्या उदाहरणात मूल अर्ध्यावर थांबत नाही. या उदाहरणात हातगाडीवरचा भाव बरोबर काढून ९५ ला चौकट करणारी मुलेही असतात. त्यांच्यासमोर ‘३ किलो मटार घेण्यासाठी’ असे वाक्य आधीच लिहिलेले असेल, तर ९५ त्या जागेत बसत नाही हे त्यांचे त्यांनाच दिसते.

त्यानंतर पट्ट्या काढाव्यात. एक आडवी पट्टी काढून तिच्या डावीकडे ‘मंडई’ लिहायचे. तिच्या बरोबर खाली, डावी कड जुळवून, दुसरी पट्टी काढायची आणि तिला ‘हातगाडी’ म्हणायचे. कोणती पट्टी लांब काढायची? हा एकच प्रश्न इथे विचारायचा आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांवरून मिळत नाही, ते वाक्यावरूनच मिळते. हातगाडीची पट्टी लांब निघाली, की मंडईच्या पट्टीवर ८० लिहायचे, खालच्या पट्टीचा जो तुकडा उजवीकडे पुढे आला आहे त्यात १५ लिहायचे आणि खालच्या पूर्ण पट्टीवर प्रश्नचिन्ह टाकायचे. आता ८० आणि १५ हे दोन तुकडे मिळून प्रश्नचिन्हाची पट्टी झाली आहे, हे कोणत्याही मुलाला दिसते. ‘अधिक की वजा’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

पट्ट्यांची लांबी मापाने काढण्याची गरज नाही. ८० साठी आठ सेंटिमीटर आणि १५ साठी दीड सेंटिमीटर मोजत बसणारी मुले असतात. त्यांना थांबवावे, कारण इथे फक्त कोण लांब आणि कोण आखूड एवढेच चित्रातून हवे आहे. सिंगापूरमधील शाळांनी १९८०च्या दशकापासून अशा पट्टी-आकृत्या नेटाने वापरल्या आणि पुढे इतर अनेक देशांनी त्या उचलल्या. आपल्याकडे त्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही, चौकटीची वही असली की पुरते.

चित्र काढून झाले, की क्रिया निवडण्यासाठी मुलांना लक्षात ठेवायच्या गोष्टी अगदी थोड्या उरतात. तुकडे माहीत असून पूर्ण पट्टी शोधायची असेल तर बेरीज करायची. पूर्ण पट्टी आणि एक तुकडा माहीत असून दुसरा तुकडा हवा असेल तर वजाबाकी करायची. तुकडे सगळे सारखे असतील, तर पूर्णासाठी गुणाकार, आणि एका तुकड्याचे माप किंवा तुकड्यांची संख्या हवी असेल तर भागाकार करायचा. सई, मटार आणि मंडई यांपैकी काहीही त्यात नाही, आणि खुणेचा शब्दही नाही. ‘यात तुला पूर्ण हवे आहे की तुकडा?’ हा प्रश्न शिक्षकाने इतक्या वेळा विचारावा, की काही आठवड्यांनी मुले तो एकमेकांना विचारू लागतील.

आकडेमोडीआधी आणखी एक थांबा घ्यायचा आहे, तो अंदाजाचा. मंडईच्या भावाने ३ किलोचे २४० रुपये होतात. हातगाडी महाग आहे, म्हणून उत्तर २४० पेक्षा जास्तच यायला हवे. एवढे एक वाक्य कच्च्या कामात लिहिले, की १९५ हे उत्तर चुकून आले तरी ते आपोआप अडते.

आता क्रिया करू. ८० अधिक १५ म्हणजे ९५, आणि ९५ गुणिले ३ म्हणजे २८५. आईला २८५ रुपये द्यावे लागतील. एखादे मूल चित्राकडे पाहून निराळा मार्ग काढते: मंडईच्या भावाने २४०, प्रत्येक किलोमागे १५ जास्त म्हणजे तीन किलोंचे ४५, आणि दोन्ही मिळून २८५. ही दुसरी रीत फळ्यावर आवर्जून मांडावी. तिच्यामुळे त्या मुलाचे कौतुक होतेच, शिवाय ‘एका उदाहरणाला एकच ठरलेली क्रिया असते’ हा बाकीच्यांचा समजही त्यातून ढळतो.

शेवटची पायरी ताळ्याची आहे, पण नेहमीच्या ताळ्यापेक्षा थोडी वेगळी. नेहमीचा ताळा आकडेमोड तपासतो. ६५ गुणिले ३ चा ताळा केला तर तोही बरोबरच येतो आणि चुकीच्या उत्तरावर शिक्कामोर्तब होते. इथे उत्तर गोष्टीत परत घालून गोष्ट वाचायची आहे: ‘हातगाडीवर ९५ रुपये, मंडईत ८० रुपये, मंडईतला भाव १५ रुपयांनी कमी.’ जुळले. तेच ६५ घालून वाचा: ‘हातगाडीवर ६५ रुपये, मंडईत ८० रुपये, मंडईतला भाव कमी.’ हे वाचतानाच मूल थबकते, आणि ते थबकणे ‘नीट वाच’ या शेऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकवते.

बाकीचे काय करायचे

भागाकाराच्या उदाहरणांत गोष्टीत परत जाण्याची ही पायरी सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते, की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? बहुतेकांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी ‘३१ बस आणि बाकी १२’ असे उत्तर लिहिले आणि ३२ हे बरोबर उत्तर साधारण २३ टक्क्यांनाच लिहिता आले. क्रियेची निवड बरोबर आणि आकडेमोडही बरोबर असूनही उत्तर हुकते, ते असे.

वर्गात यासाठी एकच भागाकार तीन गोष्टींत देऊन पाहावे. १३४ भागिले ४० म्हणजे भागाकार ३ आणि बाकी १४. शाळेची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहे, १३४ मुले आहेत आणि एका बसमध्ये ४० बसतात, तर ४ बस हव्यात. १३४ चकल्या ४० च्या डब्यांत भरायच्या आहेत, तर पूर्ण भरलेले डबे ३. डबे भरून सुट्या किती राहिल्या, असे विचारले तर १४. तीन उत्तरे एकाच भागाकाराची आहेत. कोणते कुठे बसते हे उत्तराच्या वाक्याशिवाय कळणार नाही आणि वाक्य आधी लिहिण्याची सवय इथे पुन्हा कामी येते.

चूक कुठे झाली हे कसे ओळखावे

मुलाचे उत्तर चुकले, तर त्याच्याशेजारी बसून पाच प्रश्न क्रमाने विचारण्याची एक पद्धत ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली मांडली होती आणि ती आजही तितकीच उपयोगाची आहे. उदाहरण मोठ्याने वाचून दाखव. यात काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग. ते कसे काढणार आहेस? आता ते करून दाखव. आणि शेवटी, उत्तर पूर्ण वाक्यात लिही. पहिल्या ज्या प्रश्नाला मूल अडते, तिथे त्याची अडचण आहे. जे मूल वाचतानाच अडखळते त्याला पट्ट्या शिकवून उपयोग नाही, त्याला आधी वाचनाची मदत हवी. जे वाचते आणि सांगतेही, पण ‘कसे काढणार’ याला ‘गुणाकार करू का?’ असे विचारते, त्याच्यासाठी वरच्या सगळ्या पायऱ्या आहेत. हे विचारताना ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे चेहऱ्यावरही दिसू देऊ नये, नाही तर मूल उदाहरणाऐवजी तुमचा चेहरा वाचू लागते.

पायऱ्यांचाही विधी होतो, हे मान्य केले पाहिजे. काही आठवड्यांनी अशी मुले दिसू लागतात, जी आधी ठोकताळ्याने उत्तर काढतात आणि मग गुण जाऊ नयेत म्हणून त्या उत्तराला साजेशा पट्ट्या काढतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यांच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या असतात किंवा त्यांवर नावेच नसतात. अशा मुलाला ‘यातले १५ मला बोटाने दाखव’ असे म्हटले, की ते गोंधळते, कारण त्याच्या चित्रात १५ ला जागाच नसते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली मांडलेल्या चार पायऱ्या, म्हणजे समजून घेणे, योजना आखणे, योजना राबवणे आणि मागे वळून पाहणे, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही सांगितल्या जातात. त्या योग्यच आहेत, पण दहा वर्षांच्या मुलाला ‘समजून घे’ असे सांगून काहीच कळत नाही, म्हणून समजून घेणे म्हणजे नेमके काय करायचे हे आकडे गाळणे, वाक्य उलटे म्हणणे आणि पट्टी काढणे अशा हाताने करायच्या कामांत उतरवावे लागते.

पट्ट्यांना मर्यादाही आहेत. क्षेत्रफळ, वेळ आणि वेग, किंवा ‘किती प्रकारे जोड्या लावता येतील’ अशा उदाहरणांत त्या ओढून-ताणून बसवू नयेत, तिथे चौकटींचा आराखडा, अंतराची रेघ किंवा तक्ता बरा. आणि ज्या मुलाला एकदा वाचून नाते दिसते, त्याच्याकडून प्रत्येक उदाहरणाला पट्ट्या काढून घेण्याचा हट्टही धरू नये. त्याच्याकडून उत्तराचे वाक्य आणि अंदाज एवढे पुरे.

पालकांची आणि पुष्कळ शिक्षकांचीही हरकत वेळेची असते. शिष्यवृत्ती परीक्षेत एकेका प्रश्नाला फार थोडा वेळ मिळतो, मग तिथे एवढ्या पायऱ्या कोण करणार? हरकत रास्त आहे, पण बहुपर्यायी प्रश्नाची रचनाही लक्षात घ्यावी. वरचे मटाराचे उदाहरण अशा परीक्षेत आले, तर पर्यायांत २८५ बरोबर १९५, ९५ आणि ६५ हेही असण्याची शक्यता खूप आहे, कारण पर्याय तयार करणारा नेहमीच्या चुका जाणूनच पर्याय तयार करतो. घाईने वजाबाकी करणाऱ्या मुलाला त्याचे उत्तर समोर छापलेले दिसते आणि ते समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे जाते. परीक्षेत पूर्ण चित्र काढायला वेळ नसतो हे खरे, पण ‘हातगाडी महाग, म्हणून २४० पेक्षा जास्त’ एवढा अंदाज काही सेकंदांत होतो आणि चारपैकी तीन पर्याय त्यानेच बाद होतात. तो अंदाज लवकर सुचण्यासाठी आधी वर्गात पट्ट्या पुरेशा काढलेल्या असाव्या लागतात.

वेळ वाचवायचा असेल, तर उदाहरणांची संख्या कमी करावी. एका तासाला एकाच साच्याची पंधरा उदाहरणे सोडवण्याऐवजी तीनच द्यावीत, पण ती मिसळलेली असावीत आणि तिन्हींत आकडे तेच असावेत. मंडईत ८०, हातगाडीवर ९५, तर फरक किती? मंडईत ८०, आणि हातगाडीवर त्यापेक्षा १५ रुपये जास्त, तर हातगाडीवर किती? हातगाडीवर ९५, आणि हा भाव मंडईपेक्षा १५ रुपयांनी जास्त, तर मंडईत किती? शेवटच्या उदाहरणात ‘जास्त’ आहे आणि वजाबाकी करायची आहे. आकड्यांवरून ओळखण्याची सोय राहिली नाही आणि धड्याच्या नावावरूनही राहिली नाही, की मुलांना वाक्याकडेच यावे लागते. आठवड्यातून एकदा या तिन्हींत एक न सुटणारे उदाहरणही घालावे, जसे, ‘मंडईत मटार ८० रुपये किलो आहेत आणि हातगाडीवाल्याकडे १२ किलो मटार आहेत, तर हातगाडीवरचा भाव किती?’ याला ‘माहिती अपुरी आहे’ असे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत आणि कोणती माहिती मिळाली असती तर उदाहरण सुटले असते, तेही त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.

उलट दिशेचा सरावही तेवढाच बोलका असतो. फळ्यावर फक्त दोन पट्ट्या काढाव्यात, वरची १२० ची, खालची तिच्यापेक्षा आखूड, पुढे आलेल्या तुकड्यात ३५ आणि खालच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह, आणि मुलांना यावर गोष्ट रचायला सांगावी. मग त्याच पट्ट्यांवर ‘जास्त’ हा शब्द वापरून दुसरी गोष्ट लिहायला सांगावी. ‘आजोबांनी लक्ष्मी रस्त्यावरून १२० रुपयांची वही घेतली आणि ती माझ्या वहीपेक्षा ३५ रुपयांनी महाग होती, तर माझी वही केवढ्याची?’ असे ज्या मुलाने लिहिले, त्याच्या हाती ‘महाग’ हा शब्द आणि वजाबाकी एकत्र आले आहेत. आणि ज्याने ‘१२० वह्या होत्या, त्यांतल्या ३५ वाटल्या, किती उरल्या’ असे लिहिले, त्याचे गणित बरोबर आहे, पण त्याला दोन पट्ट्यांची तुलना अजून दिसलेली नाही. त्याच्यापाशी पुन्हा एकदा पक्षी आणि किड्यांपासून सुरुवात करावी.